मधल्या कॉलमवर किती वजन येतं?

आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशी एक साधी इमारत घेऊ. तळमजला आणि वर दोन मजले, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात उभी राहते तशी. तीन ओळींत तीन-तीन असे नऊ कॉलम. रुंदीच्या दिशेने दोन कॉलमांत ४ मीटर अंतर, लांबीच्या दिशेने ५ मीटर. सगळे कॉलम बीमने एकमेकांना जोडलेले आणि बीमवर स्लॅब. प्रश्न इतकाच, की या नऊपैकी अगदी मधल्या कॉलमखाली फुटिंग किती लांब-रुंद हवं?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला बीमची गणितं भरपूर सोडवून घेतात. दोन टेकूंवर एक आडवी रेघ, तिच्यावर खाली टोक केलेले बाण आणि शेजारी लिहिलेलं 'मीटरला अमुक किलोन्यूटन'. त्यावरून रिअ‍ॅक्शन काढायची, बेंडिंग मोमेंट काढायचा. पण ते 'मीटरला अमुक' आलं कुठून, हे त्या गणितात कधीच नसतं. ते आयतं दिलेलं असतं. खऱ्या इमारतीत ते कुणी देत नाही, नकाशावरून आपणच शोधावं लागतं. त्यासाठी पेन्सिल, पट्टी आणि बेरीज-गुणाकार पुरतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी निदान एक इमारत अशी हाताने गच्चीपासून जमिनीपर्यंत उतरावी, असं माझं ठाम मत आहे.

वजनाचा रस्ता ठरलेला आहे. खोलीतलं कपाट स्लॅबवर उभं असतं, स्लॅब बीमवर टेकलेला असतो, बीम कॉलमवर, कॉलम फुटिंगवर आणि फुटिंग मुरुमावर. प्रत्येक भाग वरून आलेलं वजन घेतो, त्यात स्वतःचं मिळवतो आणि खाली देतो. काँक्रीट ओतल्यावर लगेच हे घडत नाही. स्लॅब ओतला त्या दिवशी त्याचं वजन सेंट्रिंगच्या फळ्यांवर, तिथून टेकूंवर आणि टेकूंतून खालच्या मजल्याच्या स्लॅबवर जातं. टेकू काढले की वजन पहिल्यांदाच बीमकडे वळतं. ठरल्या वेळेआधी टेकू काढू नयेत यासाठी साइटवर आग्रह धरतात तो याच कारणाने. पुढे जन्मभर जे काम करायचं, त्याची स्लॅबची परीक्षा त्या दिवशी सुरू होते.

आधी एका चौरस मीटरचं वजन काढून घेऊ, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. आपला स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा आहे. सळईसकट काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरतात, म्हणून स्लॅबच्या एका चौरस मीटरचं वजन ३.७५ किलोन्यूटन. वरचा मसाला आणि टाइल्स, खालचं प्लॅस्टर मिळून आणखी १.२५ धरू. झाले ५. हे कायम बसून राहणारं वजन, डेड लोड. माणसं, फर्निचर, सामान हे बदलतं वजन, लाइव्ह लोड. राहत्या घरातल्या खोल्यांसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ते चौरस मीटरला २ किलोन्यूटन दिलेलं आहे. एकूण ७ किलोन्यूटन. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो, तेव्हा दर चौरस मीटरला सातशे किलो झाले.

कॉलमांच्या मधला स्लॅबचा एक तुकडा ४ मीटर बाय ५ मीटरचा, म्हणजे २० चौरस मीटर. सातने गुणलं की १४० किलोन्यूटन, चौदा टन. हे चौदा टन तुकड्याच्या चार कडांच्या चार बीमांना वाटून द्यायचे आहेत. वाटणी समान होणार नाही हे सहज कळतं, पण कुणाला किती?

आता पेन्सिल उचलायची. तुकड्याच्या चारही कोपऱ्यांतून ४५ अंशांत आत रेघा काढायच्या. रुंदी ४ मीटर असल्यामुळे डावीकडच्या दोन रेघा कडेपासून २ मीटर आत एकमेकींना भेटतात, तशाच उजवीकडच्या. हे दोन भेटबिंदू एका आडव्या रेघेने जोडायचे. ती रेघ १ मीटरची होते. चौपाखी कौलारू घराकडे वरून पाहिलं तर आढं आणि कोनवासे दिसतात, नेमकं तसं चित्र कागदावर उमटतं: आखूड बाजूंना दोन त्रिकोण, लांब बाजूंना दोन समलंब चौकोन. पावसाचं पाणी ज्या पाख्यावर पडतं त्याच पाख्याच्या पागोळीतून खाली जातं. स्लॅबवरचं वजनही जवळच्या बीमकडे जातं असं आपण धरतो. आयएस ४५६ या भारतीय संहितेने बीमांवरचा भार अशा ४५ अंशांच्या रेघांनी वाटायला मुभा दिलेली आहे.

प्रत्येक बीमच्या बाजूचा जो आकार, ते त्याच्या वाट्याचं क्षेत्र. इंजिनीअर त्याला ट्रिब्युटरी एरिया म्हणतात. त्रिकोणाचा पाया ४ मीटर आणि उंची २, म्हणून क्षेत्रफळ ४ चौरस मीटर. समलंब चौकोनाच्या समांतर बाजू ५ आणि १ मीटर, उंची २, म्हणून ६ चौरस मीटर. दोन त्रिकोणांचे ८ आणि दोन समलंब चौकोनांचे १२ मिळून २०. तुकड्याचं क्षेत्रफळ पुरतं भरलं. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय आत्ताच लावून घ्यावी.

तुकडा फार लांबट असेल, म्हणजे लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल, तर त्रिकोण इतके किरकोळ होतात की सगळं वजन लांब बीमांकडेच जातं असं धरतात. भिंतीबाहेर काढलेल्या बाल्कनीला समोरचा बीम नसतो, त्यामुळे तिचं सगळं वजन एकट्या मागच्या बीमच्या वाट्याला येतं, अर्धं नाही. ४५ अंशांच्या रेघा बाल्कनीतही ओढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आता मधल्या कॉलमला येऊन मिळणारा ५ मीटरचा बीम पाहू. तो आतला असल्याने त्याच्या दोन्ही अंगांना स्लॅब आहे. दोन्हीकडून एक-एक समलंब चौकोन, म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे ८४ किलोन्यूटन. ४ मीटरच्या बीमवर दोन त्रिकोण, ८ चौरस मीटर, ५६ किलोन्यूटन. वजनाची ही रास बीमवर सारखी पसरलेली नसते. टोकांशी शून्य आणि मध्यावर सर्वांत जास्त. आखूड बीमच्या मध्याशी दोन्ही बाजूंनी २-२ मीटर स्लॅब येतो, त्यामुळे तिथे मीटरला २८ किलोन्यूटन. सरासरी काढली तर मात्र मीटरला १४ च दिसतात.

कॉलमवर किती येतं एवढंच हवं असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. आकार दोन्ही बाजूंना सारखा आहे, अर्धं वजन या टोकाला, अर्धं त्या टोकाला. पण बीमची सळई ठरवताना बिघडतं. दोन टोकांवर नुसता टेकलेला ४ मीटरचा बीम धरला आणि ५६ किलोन्यूटन सारखे पसरले, तर मध्यावरचा बेंडिंग मोमेंट २८ किलोन्यूटन-मीटर येतो. तेच वजन त्रिकोणाच्या आकारात ठेवलं तर ३७ च्या वर जातो. जवळजवळ एक तृतीयांश जास्त. तेव्हा वाट्याच्या क्षेत्राचं फक्त क्षेत्रफळ लिहून ठेवू नये, आकारही शेजारी काढून ठेवावा.

बीमचं स्वतःचं वजन राहिलं. बीम २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० खोल आहे. पण त्यातले वरचे १५० मिलिमीटर स्लॅबच्या जाडीतच आहेत आणि ते आपण आधीच मोजले. म्हणून खाली लोंबणारा ३०० मिलिमीटरचाच भाग घ्यायचा, मीटरला सुमारे १.७ किलोन्यूटन. एकच काँक्रीट दोनदा मोजण्याने इमारत पडत नाही, पण हिशेब घाणेरडा होतो आणि पुढे कुठे जुळत नाही.

आणि भिंत. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा विसरली जाते ती भिंत, कारण ती वाट्याच्या क्षेत्रात दिसतच नाही. ती चौरस मीटरवर बसत नाही, बीमच्या लांबीवर बसते. आपल्या इमारतीत मधल्या ओळीवर लांबीच्या दिशेने अर्ध्या विटेची भिंत आहे, दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर धरून १५० मिलिमीटर. मजल्याची उंची ३ मीटर, वरच्या बीमची खोली वजा जाता भिंतीची उंची २.५५ मीटर. वीटकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं तर भिंतीच्या दर मीटरला ७.६५ किलोन्यूटन. ५ मीटरच्या बीमवर ३८ किलोन्यूटन झाले. त्याच बीमवर स्लॅबचे ८४ येतात हे लक्षात घेतलं की भिंत विसरणं किती महागात पडेल ते कळतं. रुंदीच्या दिशेने मधल्या ओळीवर भिंत नाही, तिथे हॉल मोकळा आहे, असं समजू.

आता कॉलमपाशी आलो. मधल्या कॉलमला चार बीम येऊन मिळतात, दोन ५ मीटरचे आणि दोन ४ मीटरचे. प्रत्येक बीम आपलं अर्धं वजन या कॉलमला आणि अर्धं पलीकडच्या कॉलमला देतो. स्लॅबचं वजन लांब बीमांकडून ४२ आणि ४२, आखूड बीमांकडून २८ आणि २८. बेरीज १४०.

हेच दुसऱ्या वाटेने करून पाहू. बीम पूर्ण विसरायचे. मधल्या कॉलमपासून चारही दिशांना शेजारच्या कॉलमपर्यंतच्या अंतराच्या मध्यावर रेघा मारायच्या. ४ मीटर बाय ५ मीटरचा एक चौकोन तयार होतो, २० चौरस मीटर, गुणिले ७, म्हणजे १४०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं. हा योगायोग नाही. वजन मध्येच कुठे हरवलेलं नाही याची ही पावती आहे. नऊही कॉलमांचे असे चौकोन काढले तर मधल्याला २०, कडेच्या चौघांना १०-१० आणि कोपऱ्यातल्या चौघांना ५-५ चौरस मीटर मिळतात. एकूण ८०, म्हणजे आठ गुणिले दहा, इमारतीच्या पूर्ण नकाशाएवढे.

मधल्या कॉलमला एका मजल्यावरून काय मिळतं ते आता मांडू. स्लॅबचे १४०. चार बीमांचा अर्धा-अर्धा भाग म्हणजे ९ मीटर बीम, त्याचे १६. दोन लांब बीमांवरच्या भिंतींचा अर्धा-अर्धा भाग म्हणजे ५ मीटर भिंत, तिचे ३८. कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटरचा, ३ मीटर उंचीचे १०. एकूण २०४ किलोन्यूटन.

गच्चीचा हिशेब थोडा वेगळा. तिथे टाइल्सऐवजी वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा असतो. त्याचे चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरले, तर स्लॅब आणि खालचं प्लॅस्टर मिळून डेड लोड ६ होतो. वावर असलेल्या गच्चीसाठी लाइव्ह लोड १.५. एकूण ७.५, गुणिले २० म्हणजे १५०. गच्चीवर आत भिंती नाहीत. बीमचे १६ आणि खालच्या कॉलमचे १० मिळवले की १७६.

आता वरून खाली उतरायचं. गच्चीचे १७६. त्यात दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबकडून आलेले २०४ मिळवले की ३८०. पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे २०४ मिळवले की ५८४. तळमजल्याची फरशी मात्र या बेरजेत येत नाही. ती भरावावर टेकलेली असते, तिचं वजन थेट जमिनीत जातं. तळमजल्याच्या भिंती तशा नसतात, त्या प्लिंथ बीमवर उभ्या असतात आणि प्लिंथ बीम कॉलमला जोडलेला असतो. म्हणून भिंतीचे ३८, प्लिंथ बीमचे १६ आणि जमिनीखालच्या २ मीटर कॉलमचे ७, असे ६१ आणखी. फुटिंगच्या माथ्यावर एकूण ६४५ किलोन्यूटन. साडेचौसष्ट टन, एका कॉलमवर.

फुटिंगचं स्वतःचं आणि त्यावरच्या मातीचं वजन म्हणून सुरुवातीला दहा टक्के वाढवतात. ७१० झाले. खाली घट्ट मुरूम आहे आणि माती परीक्षणात त्याची सुरक्षित भारक्षमता चौरस मीटरला २०० किलोन्यूटन दिली आहे असं धरू. ७१० भागिले २००, म्हणजे ३.५५ चौरस मीटर. १.९ मीटर बाय १.९ मीटरचं फुटिंग घेतलं की ३.६१ मिळतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एक गोष्ट मात्र इथे पक्की करून घ्यावी. फुटिंगचं क्षेत्रफळ काढताना वजन आहे तसं वापरायचं, कारण जमिनीच्या क्षमतेत सुरक्षेचा वाटा आधीच धरलेला असतो. फुटिंगची जाडी आणि सळई काढताना तेच वजन दीडपट करून घ्यायचं. या दोन्हींची गल्लत झाली की फुटिंग उगीच दीडपट मोठं होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जाडीला कमी पडतं.

आता कोपऱ्यातला कॉलम. त्याच्या वाट्याला ५ चौरस मीटर, म्हणजे मधल्याच्या पाव. मग वजनही पाव, साधारण १६० किलोन्यूटन? हिशेब करून पाहू. मजल्याचा स्लॅब ३५. बीम ४.५ मीटर, त्याचे ८. बाहेरची भिंत मात्र एका विटेची, प्लॅस्टर धरून २६० मिलिमीटर. तिचे मीटरला १३.३, म्हणजे ४.५ मीटरला ६०. कॉलमचे १०. बेरीज ११३, मधल्या कॉलमच्या निम्म्याहून जास्त! या कॉलमवर स्लॅबपेक्षा भिंतीचंच वजन जवळपास पावणेदोनपट आहे. गच्चीवर कठडा धरून ६९ येतात, प्लिंथपाशी ७५. पूर्ण उतरल्यावर ३७० किलोन्यूटन.

क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाव फुटिंग दिलं असतं तर ते सुमारे ९५ सेंटिमीटरच्या चौरसाचं झालं असतं. खरं वजन त्यावर आलं की जमिनीवरचा दाब परवानगीच्या दुपटीहून जास्त जातो. कोपरा मधल्या भागापेक्षा जास्त खचतो, आणि त्याची पहिली खूण कॉलमवर दिसत नाही. ती कोपऱ्याजवळच्या भिंतीत दिसते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चढत जाणाऱ्या, पायऱ्यांसारख्या भेगेच्या रूपात. हिशेबाप्रमाणे त्या फुटिंगला १.४५ मीटरचा चौरस हवा. म्हणून नकाशावर आधी भिंती रंगवाव्यात आणि मग चौकोन काढावेत. काढताना दारं-खिडक्या वजा करत बसू नये. पहिल्या हिशेबात भिंत पूर्ण धरलेली बरी.

या रीतीला मर्यादा आहे आणि ती आपल्याच इमारतीत सापडते. बीम कॉलमवर तुटलेला नाही, तो मधल्या कॉलमवरून सलग पुढे गेलेला आहे. सारख्या लांबीचे दोन गाळे सलग असतील आणि टोकं नुसती टेकलेली असतील, तर मधला टेकू आपण धरला त्यापेक्षा २५ टक्के जास्त वजन घेतो. टोकाचा टेकू एका गाळ्याच्या निम्म्याऐवजी साडेसदतीस टक्केच घेतो. म्हणजे लांब बीमांकडून मधल्या कॉलमला येणारे स्लॅबचे ८४ किलोन्यूटन १०५ पर्यंत जाऊ शकतात. प्रत्यक्षात टोकाचे कॉलम बीमला पकडून ठेवतात, त्याला मोकळेपणी वळू देत नाहीत, त्यामुळे खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. सॉफ्टवेअर तो आकडा काढून देतं. आपल्या ६४५ च्या जागी त्याने सातशेच्या घरातला आकडा दाखवला तर घाबरायचं कारण नाही. पण ४०० दाखवला तर कुठेतरी भिंत टाकायची राहिली आहे किंवा एखादा मजलाच जोडलेला नाही, हे नक्की. सगळ्या नऊ कॉलमांच्या बेरजेला मात्र ही सूट नाही. सलगपणामुळे वजन एका कॉलमकडून दुसऱ्याकडे सरकतं, एकूण वजन तेवढंच राहतं. म्हणून पहिली तपासणी नेहमी बेरजेची करावी.

दुसरी अट अशी, की कॉलम वरपासून खालपर्यंत सरळ उतरला पाहिजे. खाली गाड्या लावायला जागा हवी म्हणून वरचा कॉलम खालच्या मजल्यावर बीमवरच थांबवतात, त्याला फ्लोटिंग कॉलम म्हणतात. आपला मधला कॉलम पहिल्या मजल्यावर असा थांबवला तर वरून आलेले ३८० किलोन्यूटन एका बीमच्या मध्यावर एका ठिकाणी बसतील, जिथे साधारण मजल्याच्या बीमला भिंतीसकट एकूण १३० पेलायचे असतात. उभं वजन मोठा बीम देऊन पेलता येईलही. पण भूकंपात आडवा हेलकावा बसला की तुटलेला रस्ता उघडा पडतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक इमारती कोसळल्या, त्यांत खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या आणि फ्लोटिंग कॉलमवर पेललेल्या इमारती होत्या.

हा सगळा हिशेब इमारत बांधून झाल्यावरही कामाला येतो. समजा, दहा वर्षांनी घरमालकाने गच्चीभर बाग करायची ठरवली. ३०० मिलिमीटर माती, पावसाळ्यात भिजलेली, निचऱ्याच्या थरासकट चौरस मीटरला ५.५ किलोन्यूटन. बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती पायाची. मधल्या कॉलमच्या २० चौरस मीटरवर ११० किलोन्यूटन वाढले, तर फुटिंगखालचे ७१० आता ८२० होतील. जमिनीवरचा दाब २०० च्या आतून २२७ वर जाईल. हे चांगलं नाही, थोडं जास्त खचेल, पण जमिनीच्या क्षमतेत राखलेला वाटा बराच मोठा असल्याने पाया लगेच हार मानत नाही.

खरी अडचण वर आहे. गच्चीच्या स्लॅबवर चौरस मीटरला ७.५ होते, आता १३. वाढ ७३ टक्के. डिझाइन करताना वजन दीडपट धरलेलं होतं, म्हणजे ११.२५. बागेने ती पूर्ण राखीव ओलांडली. गच्चीच्या लांब बीमवर ९९ होते, ते १६५ झाले. दीडपट म्हणजे १४८, तीही मागे पडली. सर्वांत वरच्या कॉलमवर १७६ चे २८६ झाले, पण कॉलम खालपर्यंत त्याच मापाचा असल्याने तिथे जागा शिल्लक आहे. सर्वांत खालच्या कॉलमवर ६४५ चे ७५५, वाढ १७ टक्के. वजन जिथे ठेवलं तिथे ओझं सर्वांत जास्त पटीने वाढतं, आणि खाली उतरताना ते आधीच्या मोठ्या बेरजेत मिसळत जातं. म्हणून अशा घरी गेलं की आधी वरच्या मजल्याच्या छताकडे पाहायचं: स्लॅबच्या पोटाला मध्यावर बारीक भेगा आहेत का, बीमच्या मधल्या तिसऱ्या भागात खालून वर चढणाऱ्या उभ्या चिरा आहेत का, बीमखालची दारं चौकटीत अडकायला लागली आहेत का. पाया त्यानंतर.

बाग करूच नये असं नाही. तीच माती अर्धा मीटर रुंदीच्या वाफ्यांत बरोबर बीमच्या रेघेवर ठेवली, तर ५ मीटरच्या बीमवर सुमारे १४ किलोन्यूटन वाढतात. ९९ चे ११३ होतात, आणि स्लॅबच्या मध्यावर काहीच येत नाही. पाण्याच्या टाकीचंही तसंच. दोन हजार लिटरची भरलेली टाकी निदान २० किलोन्यूटनची असते. ती स्लॅबच्या मध्यावर ठेवली तर तिचं वजन स्लॅब, बीम आणि कॉलम या तिघांना वाहावं लागतं. कॉलमच्या डोक्यावर ठेवली तर एकट्या कॉलमला. ६४५ च्या बेरजेत ते तीन टक्केच भरतं.